ट्रेडमिल म्हणते पाच, घड्याळ म्हणतं साडेचार: महिनाभराच्या नोंदी

5 जुलै 2025, शनिवार

पावसामुळे रस्ता बंद, म्हणून सोसायटीच्या जिममध्ये ट्रेडमिलवर. वेग ताशी 10 किमी, तीस मिनिटं, चढ शून्य. मशीनवर 5.00 किमी आणि मनगटावर 4.41. घड्याळाच्या मते माझा पेस किलोमीटरला 6:48 मिनिटं, मशीनच्या मते 6:00. सप्टेंबरात साताऱ्याला घाट धावायचा आहे. पेसमध्ये पाऊण मिनिटाचा घोळ असेल तर सरावाचं वेळापत्रक कशाच्या आधारावर पाळायचं?

कारण मला साधारण माहीत होतं. जिममध्ये जीपीएसचा उपयोग नाही. घड्याळ हाताच्या झोक्यावरून पावलं मोजतं, प्रत्येक पाऊल किती लांबीचं असेल याचा अंदाज करतं आणि दोन्हींचा गुणाकार करून अंतर सांगतं. पावलांचा आकडा बरोबर होता, म्हणजे गडबड लांबीत. घड्याळ नवीन आहे. बाहेर जीपीएसवर धावताना ते माझी ढांग शिकत जातं, पण आजवर ते घालून बाहेर तीनदाच धावलोय आणि तिन्ही वेळा टेकडीवर, रमतगमत. त्यामुळे माझं पाऊल आखूड आहे असा त्याचा समज झाला असणार.

6 जुलै, रविवार

एकादशी, खिचडी, धावणं नाही. तेवढ्यात काम उरकावं म्हणून खाली पार्किंगमध्ये गेलो. खडूने रेघ मारली, नेहमीच्या वेगात शंभर पावलं धावलो आणि अंतर मोजलं: 97 मीटर. म्हणजे पाऊल 0.97 मीटर. पहिल्या खेपेला फक्त उजवा पाय मोजत होतो, त्यामुळे उत्तर दुप्पट आलं आणि क्षणभर स्वतःचा अभिमान वाटला. घड्याळाला एका पायापासून दुसऱ्या पायापर्यंतचं अंतर हवं असतं, त्याच पायापासून त्याच पायापर्यंतचं नाही.

अ‍ॅपच्या प्रोफाइलमध्ये पावलाची लांबी स्वतः भरायची सोय सापडली. 0.97 भरलं. काम झालं असं वाटलं.

8 जुलै, मंगळवार

काम झालं नव्हतं. वेग 10, तीस मिनिटं, मशीन 5.00, घड्याळ 4.43. काल ऑफिसात आणि घरात मिळून नऊ हजार पावलं झाली होती, त्यांचं अंतर मात्र 8.7 किमी दिसलं. एरवी साडेसहाच्या आसपास असतं.

माझ्या घड्याळात प्रोफाइलमधली ती लांबी फक्त दिवसभराच्या पावलांसाठी आहे. ट्रेडमिलची अ‍ॅक्टिव्हिटी चालू केली की घड्याळ तिच्याकडे बघतच नाही. त्यात मी धावण्याची लांबी चालण्याच्या रकान्यात भरून ठेवली होती. म्हणजे जे दुरुस्त करायचं होतं ते तसंच राहिलं आणि जे बरोबर होतं ते बिघडलं. आकडा काढून टाकला.

खरी सोय वेगळीच निघाली. ट्रेडमिलवर धावून झालं की घड्याळ थांबवायचं, मग यादीत `Calibrate & Save` येतं. तिथे मशीनवर दिसणारं अंतर भरायचं आणि पुढच्या वेळेपासून घड्याळ त्या प्रमाणात हिशेब करतं.

10 जुलै, गुरुवार

घाईत होतो. मशीनवर 2.5 किमी झाले आणि थांबवलं. यादीत नुसतं `Save`, कॅलिब्रेशनचं नाव नाही. किमान 2.4 किमीची अट आहे, पण ते अंतर घड्याळाने स्वतः नोंदवलेलं असायला हवं. माझं घड्याळ तेव्हा 2.21 वर होतं. ते मुळातच कमी मोजतंय, तेव्हा मशीनवर तीन होईपर्यंत तरी धावायला हवं होतं. एक दिवस गेला.

12 जुलै, शनिवार

आज व्यवस्थित धावलो, 5.28 भरलं, सेव्ह केलं. घड्याळ 4.42 वर होतं. जिममधून खूश होऊन बाहेर पडलो.

15 जुलै, मंगळवार

वेग 10, तीस मिनिटं. मशीन 5.00, घड्याळ 5.26. आता घड्याळ पुढे!

शनिवारचं आठवून पाहिलं. आधी तीन मिनिटं 5.5 च्या वेगाने चाललो होतो, घड्याळ त्यानंतर चालू केलं. ती तीन मिनिटं म्हणजे जवळजवळ 280 मीटर. मशीनने ती धरली होती, घड्याळाने नव्हती आणि मी मशीनचा आकडा जसाच्या तसा उतरवला. पाच किलोमीटरच्या जागी 5.28 भरले, घड्याळाने ते इमानदारीत शिकून घेतलं.

आता पद्धत अशी ठेवली आहे. अंग गरम करायचं चालणं आधी उरकून मशीन पूर्ण थांबवायचं, अंतर शून्यावर आणायचं. मग पट्टा सुरू करून वेग लागला की घड्याळाचं बटण दाबायचं. त्या आठ-दहा सेकंदांत दहा-पंधरा मीटर निसटतात, पाच किलोमीटरमध्ये ते जाणवत नाहीत. शेवटी आधी घड्याळ थांबवायचं आणि त्याच क्षणी मशीनचा आकडा वाचायचा. आमचं मशीन थांबताना कूल-डाउनमध्ये जातं आणि त्यातही अंतर वाढवत राहतं. घाम पुसून मग आकडा वाचला तर साठ-सत्तर मीटर फुकट मिळतात.

आज 5.00 भरून पुन्हा कॅलिब्रेट केलं.

17 जुलै, गुरुवार

मशीन 5.00, घड्याळ 4.98. बारा दिवसांनी.

19 जुलै, शनिवार

आज सावकाश आणि जोरात असं आलटून पालटून धावलो: एकूण वीस मिनिटं 8 च्या वेगाने, बारा मिनिटं 12 च्या. मशीनवर 5.07, घड्याळावर 5.07. दोन दशांश स्थळांपर्यंत जुळलं. इथे नोंदी बंद करणार होतो.

मग घरी येऊन लॅप बघितले. सावकाश भागाचे मशीनप्रमाणे 2.67 व्हायला हवेत, घड्याळात 2.79. जोराच्या भागाचे 2.40 व्हायला हवेत, घड्याळात 2.28. एकीकडे 120 मीटर जास्त, दुसरीकडे 120 मीटर कमी, आणि बेरीज बरोबर! हे लॅप पाहिले नसते तर सगळं जुळलं असंच लिहून मोकळा झालो असतो.

हे का होतं ते माझ्याच आकड्यांत दिसलं. 8 च्या वेगाला मिनिटाला 164 पावलं पडली, 12 च्या वेगाला 176. वेग दीडपट झाला, पण पावलांची गती जेमतेम सात टक्क्यांनी वाढली. उरलेली वाढ सगळी ढांगेतून आली: 8 ला एक पाऊल 81 सेंटिमीटरचं, 12 ला जवळपास 114 चं. घड्याळाला पावलं नेमकी मोजता येतात. ढांग किती लांबली हे मात्र त्याला हाताच्या झोक्यावरून ताडावं लागतं आणि ते बिचारं कमीच ताडतं. मी 10 च्या वेगाला कॅलिब्रेट केलं, म्हणून 10 ला बरोबर. त्याच्या खाली ते जास्त सांगतं, वर गेलं की कमी.

एका आकड्याने सगळे वेग दुरुस्त होणार नाहीत हे मान्य केलं. माझं बरंचसं धावणं साडेनऊ ते साडेदहाच्या दरम्यान असतं, तिथे बरोबर असलं की पुरे. ज्या दिवशी वेग बदलता असेल त्या दिवशी नुसतं `Save`. अशा मिश्र धावण्यावर कॅलिब्रेट केलं तर कुठल्या वेगाचं प्रमाण बसवलं गेलं हे कळायला मार्ग नाही.

20 जुलै, रविवार

रात्री एक शंका आली आणि झोप गेली. दोन आठवडे मी घड्याळाला मशीनच्या मापाने मापतोय. पण मशीन खरं बोलतंय कशावरून?

हे तपासायला कुठलंही खास उपकरण लागत नाही. पट्ट्याची लांबी मोजायची, पट्ट्यावर खूण करायची आणि पन्नास फेऱ्यांना किती सेकंद लागतात ते पाहायचं.

```
वेग (किमी/तास) = 3.6 × पट्ट्याची लांबी (मी) × फेऱ्या ÷ सेकंद
```

मशीनची पिन भिंतीतून काढली. पट्ट्याच्या अगदी कडेला, जिथे बूट पडत नाही तिथे, मास्किंग टेपचा तुकडा लावला. शिवणकामाच्या टेपने एक मीटर मोजून दुसरी खूण, मग हाताने पट्टा ओढून पुढचा मीटर, असं पहिल्या खुणेपर्यंत. 3.36 मीटर भरला. पुन्हा मोजला तर 3.37. 3.36 धरला. पन्नास फेऱ्या म्हणजे 168 मीटर, आणि खरोखर 10 चा वेग असेल तर त्याला साडेसाठ सेकंद लागायला हवेत.

मोजायला मुलगी आली होती. आठवीत आहे. तिला बाजूला उभं केलं, पट्ट्याच्या मागे नाही. रिकामा पट्टा 10 वर: 61 सेकंद. म्हणजे 9.9. वा, मशीन जवळपास बरोबर.

मग मी वर चढून धावलो. "बाबा, पन्नास!" 61.7 सेकंद. म्हणजे 9.8. ठीक आहे म्हणून उतरलो, तर ती म्हणाली, "मी पहिली टेप दिसली तेव्हा एक म्हटलं, चालेल ना?"

नाही चालणार. पहिल्यांदा टेप दिसते तेव्हा एकही फेरी झालेली नसते, तिथे शून्य म्हणायचं. एक म्हणून सुरुवात केली तर पन्नास म्हणेपर्यंत 49 फेऱ्याच होतात आणि उत्तर दोन टक्क्यांनी फुगतं. ही खेपही मीच मोजली असती तर कदाचित मीही एकच म्हटलं असतं आणि कुणी विचारलंही नसतं. दुसऱ्या खेपेला तिने फोनवर स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढला आणि आम्ही घरी बसून शून्यापासून मोजलं. पन्नास फेऱ्यांना 63 सेकंद. रिकाम्या पट्ट्याचाही व्हिडिओ मोजला, ते 61 बरोबर होते, कारण तेव्हा मीच मोजत होतो आणि नशिबाने स्टॉपवॉच दाबताना दिसलेल्या टेपला शून्य धरलं होतं.

63 सेकंद म्हणजे वेग 9.6. पडद्यावर 10. मी धावत असताना मशीन चार टक्के जास्त सांगतं. पाच किलोमीटर म्हणून जे मोजतोय ते 4.8 आहेत.

रिकाम्या पट्ट्यात आणि माझ्यासकट पट्ट्यात इतका फरक, म्हणजे वजन पडलं की पट्टा अडखळतो. माझं वजन 76 किलो. पाय आदळला की पट्टा खालच्या फळीवर दाबला जातो, सैल असेल तर रोलरवर घसरतो. आमच्या मशीनचा वेग मोटरच्या बाजूने मोजला जातो, त्यामुळे रोलर फिरतोय तेवढं त्याला कळतं, वरचा पट्टा मागे पडला हे कळत नाही. म्हणून तपासणी करायची तर माणूस वर धावत असतानाच करायची.

24 जुलै, गुरुवार

सोसायटीच्या ऑफिसात सांगितलं तर आधी "चालतंय की मशीन" हेच उत्तर. व्हिडिओ दाखवल्यावर देखभालीच्या माणसाला बोलावलं. त्याने पट्ट्याखाली हात घातला आणि कोरडी बोटं दाखवली. फळीवर सिलिकॉन तेल सोडलं, मागच्या दोन्ही बोल्टना अ‍ॅलन कीने पाव-पाव फेरी दिली. दोन्हीकडे सारखीच द्यायची, नाहीतर पट्टा एका बाजूला सरकतो. मी म्हटलं, अजून पाव फेरी द्या की. तो म्हणाला, "साहेब, जास्त ताणला की मोटर आणि बेअरिंग बोंबलतात, मग मलाच बोलावाल." खर्च साडेनऊशे, सोसायटीच्या खात्यातून.

संध्याकाळी पुन्हा 50 फेऱ्या, माझ्यासकट: 62 सेकंद. वेग 9.75. चार टक्क्यांची चूक अडीचवर आली. उरलेली बहुधा मशीनच्या आतल्या आकड्यातच आहे. त्यासाठी सर्व्हिस मेनूत शिरावं लागतं आणि ते मशीन माझं नाही.

26 जुलै, शनिवार

आता प्रश्न: घड्याळात काय भरायचं? मशीनचा आकडा की खरा?

मुळात मला दोन्ही पडदे जुळायला हवे होते. पण चुकीच्या आकड्याशी जुळवून घेतलेलं घड्याळ घेऊन साताऱ्याला गेलो तर तिथे घाट मशीनचं ऐकणार नाही. खरं अंतर भरायचं ठरवलं. वेग 10, तीस मिनिटं, पडद्यावर 5.00, घड्याळावर 5.03. पाचाला 0.975 ने गुणलं आणि 4.88 भरलं. यापुढे माझ्या मशीनवर आणि घड्याळात अडीच टक्क्यांचा फरक राहणार. तसा तो राहिला तरच सगळं ठीक आहे असं समजायचं.

जिममध्ये दोन ट्रेडमिल आहेत. भिंतीकडच्या मशीनचा पट्टा मी मोजलेला नाही आणि घड्याळ दोन मशीनची दोन प्रमाणं लक्षात ठेवत नाही. त्यामुळे मी खिडकीकडच्याच मशीनवर धावतो, रांग असली तर थांबतो.

27 जुलै, रविवार

पावसाने उघडीप दिली. 400 मीटरच्या ट्रॅकवर गेलो, सगळ्यात आतली लेन धरली. दुसऱ्या लेनमध्ये गेलं की फेरीला सुमारे सात मीटर वाढतात. घड्याळात मुद्दाम ट्रेडमिलच लावलं, म्हणजे जीपीएस बंद आणि हिशेब फक्त मनगटाचा. जमेल तितकं जिममधल्याच वेगाने साडेबारा फेऱ्या. खरं अंतर 5.00, घड्याळ 4.95. एक टक्का कमी. पट्ट्याचं गणित बरोबर होतं याचा यापेक्षा चांगला पुरावा मला मिळणार नाही.

2 ऑगस्ट, शनिवार

घाटाची तयारी म्हणून चढ 6 लावून चाललो, वेग 5.5, वीस मिनिटं. मशीन 1.83, घड्याळ 0.94. पोटात गोळा आला, सगळं पुन्हा बिघडलं की काय! मग लक्षात आलं, चढावर मी सगळा वेळ दांडा धरून होतो. हात हलला नाही म्हणजे घड्याळासाठी निम्मी पावलं पडलीच नाहीत. पावलांच्या आकड्यातही तेवढीच घट होती. तसं दिसलं की कॅलिब्रेशनला दोष देऊ नये.

दांडा सोडून दहा मिनिटं त्याच चढावर 8 ने धावलो: मशीन 1.33, घड्याळ 1.44. सपाटीवर 8 ला जेवढं जास्त सांगतं त्याहूनही जास्त. चढावर ढांग आखडते, पावलं भरभर पडतात आणि चढ आहे हे घड्याळाला ठाऊक नसतं. चढाच्या दिवशी कॅलिब्रेट करायचं नाही, अंतरासाठी मशीनचाच आकडा घ्यायचा आणि त्यातून अडीच टक्के वजा करायचे. बुटाला लावायचा सेन्सर मिळतो, त्यात हाताची भानगड नाही. पण आठवड्यातून एका चढासाठी इतका खर्च नको वाटला.

3 ऑगस्ट, रविवार

वेग 10, तीस मिनिटं. मशीन 5.00, घड्याळ 4.86. हवं होतं 4.88.

मुलीने मशीनच्या कोपऱ्यावर चिठ्ठी चिकटवली आहे: "10 म्हणजे 9.75". ती वाचून तळमजल्यावरचे काका माझ्याजवळ आले. ते रोज सकाळी याच मशीनवर चालतात आणि अंतर घरच्या कॅलेंडरवर लिहितात.

"म्हणजे माझे जूनचे शंभर किलोमीटर खोटे?"

"काका, जूनमध्ये पट्टा सैल होता. माझ्या वेगाला शहाण्णव भरले असते. तुम्ही 6 ने चालता, ते मोजलेलं नाही."

"मग मोज."

टेपचा तुकडा अजून पट्ट्यावर होता. काका चालले, मुलीने व्हिडिओ काढला, या वेळी शून्यापासून मोजला. 50 फेऱ्यांना 102.4 सेकंद, म्हणजे 5.9. हे पट्टा ताणल्यानंतरचं, जूनचं आता कुणालाच मोजता येणार नाही, हेही सांगितलं. काकांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "जूनचं राहू दे तसंच. ऑगस्टपासून वजा करतो."

चिठ्ठीवर खाली पेनाने भर पडली आहे: "6 म्हणजे 5.9 (काका)".